फोटोतल्या बाल्कनीला काय उत्तर द्यावं?

बाल्कनीचा फोटो पाठवून ‘इथे कोणती झाडं जगतील?’ असं कुणी विचारलं, की माझ्याकडे उत्तर तयार असतं. ऊन दिसलं की बोगनवेल, वारा म्हटलं की कण्हेर, सावली वाटली की मनी प्लांट. इतकी वर्षं कुंड्यांमध्ये हात घातल्यावर एवढं तोंडावर असणारच. अलीकडे मात्र या तयार उत्तराचीच मला धास्ती वाटते. विचारणाऱ्याला हिरवीगार बाल्कनी हवी असते आणि मलाही त्याला आनंद होईल असं काहीतरी सांगायचं असतं. दोघांच्या इच्छा अशा जुळल्या की फोटोकडे नीट बघायचं राहून जातं. ‘जगेल’ म्हणणाऱ्याचं काहीच जात नाही, पैसे आणि रोजची मेहनत समोरच्याची जाते, आणि झाडाचा तर जीव जातो. म्हणून हे उत्तर मी नेमकं कशाच्या बळावर देते, हे एकदा स्वतःलाच विचारून पाहावंसं वाटलं. त्यासाठी माझ्या भाचीच्या बाल्कनीचंच उदाहरण घेते.

पुण्यात बाणेरला अकराव्या मजल्यावर तिचं घर आहे. बाल्कनी पश्चिमेची, पाच फूट खोल, दहा फूट लांब. साडेतीन फुटांचा भरीव कठडा आणि त्यावर नुसता एक स्टीलचा पाइप. छत नऊ फुटांवर. डिसेंबरात संध्याकाळी सव्वापाचला काढलेला फोटो तिनं पाठवला आणि खाली यादी लिहिली : फर्न, पीस लिली, मोगरा, जास्वंद, तुळस, बोगनवेल. शेवटी विचारलं होतं, ‘मावशी, यातलं काय काय जगेल?’

फोटो देखणा होता. भिंतीवर सोनेरी ऊन पसरलेलं होतं आणि बाल्कनी उजेडानं भरल्यासारखी दिसत होती. पण मोबाइलचा कॅमेरा अंधारा भाग उजळवतो आणि भगभगीत भाग मवाळ करतो. आपल्या डोळ्यांना चित्र छान दिसावं म्हणून तो हे करतो, झाडाला मात्र खरा उजेड लागतो. म्हणून उजेड किती हे मी फोटोवरून ठरवत नाही, मी उन्हाची कड शोधते. या फोटोत ती भिंतीवर साधारण अडीच फुटांवर होती. तिच्या वर ऊन, खाली सावली. सबंध फरशी सावलीत होती. म्हणजे मावळतीच्या आधी पाऊण तास, सूर्य इतका खाली आला असतानाही, कठडा खालच्या भागाला उन्हापासून झाकून टाकत होता.

या एका रेघेवरून पुष्कळ काही कळतं. पुण्यात सूर्य दुपारी साडेबाराच्या सुमारास माथ्याकडे येतो आणि मग पश्चिमेकडे झुकतो. तोवर पश्चिमेच्या बाल्कनीत थेट ऊन शिरत नाही. शिरू लागतं तेव्हाही वरचं छत त्याला अडवतं आणि पुढे सूर्य खाली उतरला की कठडा अडवतो. भाचीच्या बाल्कनीची मापं घेऊन मार्च महिन्याच्या मध्याचा हिशेब मांडला, तर घराच्या भिंतीशी फरशीवर ठेवलेल्या कुंडीला दुपारी अडीचपासून सव्वाचारपर्यंत ऊन मिळेल, पुढे नाही. कठड्याच्या अगदी पायाशी असलेल्या कुंडीला जेमतेम अर्धा तास. आणि कठड्यावर अडकवलेल्या कुंडीला दुपारी एकच्या आसपास सुरू झालेलं ऊन थेट मावळेपर्यंत सोडत नाही. एकाच बाल्कनीत तीन वेगळी हवामानं आहेत. ‘ऊन भरपूर आहे’ असं तिनं लिहिलं होतं ते खरंच होतं, पण ते ऊन उभ्या माणसाच्या छातीच्या उंचीवरचं होतं.

वाऱ्याचं वाचन याहून अवघड, कारण वारा फोटोत दिसत नाही. त्याच्या खुणा मात्र दिसतात. दोरीवरच्या एकेका पंच्याला चार-चार चिमटे लावलेले होते. एका कोपऱ्यात धुळीचा पट्टा साचला होता. आणि सगळ्यांत बोलकी होती ती तिथली जुनी तुळस. तिच्या साऱ्या काड्या घराच्या दिशेनं कललेल्या होत्या. फोटो मोठा करून पाहिला तर कठड्याकडच्या पानांच्या कडा तपकिरी झालेल्या होत्या आणि घराकडची पानं बऱ्यापैकी हिरवी होती. एका अंगाच्याच कडा करपतात तेव्हा मला पहिला संशय वाऱ्याचा येतो. पाणी कमी पडलं असतं तर झाड सगळीकडून सारखंच मलूल झालं असतं. उन्हाचा चटका असता तर पानाच्या वरच्या बाजूला पांढुरके, कागदासारखे डाग पडले असते. पाणी जास्त झालं असतं तर माती ओली असतानाही खालची पानं पिवळी पडली असती. ही चार लक्षणं वेगळी ओळखता येत नसतील, तर दुसऱ्याच्या झाडाबद्दल बोलण्याचा मला अधिकार नाही, असं मी मानते.

वारा झाडाला नुसता हलवत नाही. पानाच्या अंगालगत दमट हवेचा एक पातळ थर असतो, तो वारा सतत उडवून नेतो आणि पान अधिक पाणी सोडत राहतं. मुळं तेवढं पाणी पुरवू शकली नाहीत, तर माती ओली असूनही झाड दुपारी माना टाकतं आणि संध्याकाळी पुन्हा ताठ होतं. अशा वेळी घाबरून आणखी पाणी घालणारे पुष्कळ असतात. माती ओली असेल तर थांबायचं. संध्याकाळी झाड सावरलं तर त्याला जास्त पाणी नको, आडोसा हवा. उलट माती एकदा कडक वाळली की कुंडीच्या कडेपासून सुटते. मग घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली जातं. तळातून पाणी वाहताना बघून आपल्याला वाटतं की झाड पोटभर प्यायलं, पण मधला गोळा कोरडाच असतो.

आता यादीकडे वळते. फर्नला मी लगेच ‘नाही’ म्हणाले. त्याची पातळ पानं एप्रिलमधली कोरडी हवा सोसत नाहीत, कितीही फवारलं तरी नाहीत. एवढं सरळ सांगणंही माझ्या जिवावर येतं, कारण यादीत पहिलं नाव त्याचंच होतं. ‘बघ प्रयत्न करून’ असं म्हटलं असतं तर दोघींनाही बरं वाटलं असतं. पण जे होणार नाही हे मला पक्कं माहीत आहे, तिथे ‘प्रयत्न कर’ म्हणणं म्हणजे माझा नकार मी त्या झाडाकडून वदवून घेणं. पीस लिली घरातच, खिडकीपासून थोडी आत आणि लहान हातांना लागणार नाही अशी उंचावर ठेवावी, असं सुचवलं.

मग कोणती झाडं ‘हो’ म्हणण्यासारखी? ऊन आणि वारा दोन्ही वर्षानुवर्षं सोसणाऱ्यांची यादी माझ्या मनात पक्की आहे : कण्हेर, अडेनियम, काटेरी युफोर्बिया, सदाफुली. कण्हेर तर रस्त्याच्या दुभाजकावर धूर, धूळ आणि तापलेलं डांबर सोसून फुलते. हीच नावं मी लिहायला घेतली आणि फोटोच्या डाव्या कडेला माझी नजर थांबली. तिथे लहान मुलाची तीनचाकी सायकल अर्धीच दिसत होती.

ही चारही झाडं विषारी आहेत. कण्हेरीचं पान पोटात गेलं तर हृदयावर परिणाम होतो. अडेनियमचा चीकही त्याच जातीचा, युफोर्बियाच्या चिकानं कातडीची आग होते आणि डोळ्यात गेला तर इजा होते. सदाफुलीही खाण्यात जाता कामा नये. ज्या झाडांची मी छातीठोक हमी देऊ शकत होते, नेमकी तीच या घरात नको होती. फोटोत सायकल नसती, तर ‘घरात लहान मूल आहे का?’ हे मी विचारलं असतं का? मी प्रामाणिकपणे पाहते, तर झाडाबद्दलचे प्रश्न मला सहज सुचतात आणि माणसांबद्दलचे आठवून विचारावे लागतात. म्हणून आता मी क्रमच ठरवून घेतला आहे. आधी घरात कोण कोण आहे, मग ऊन, मग वारा.

याच प्रश्नानं पुढे आणखी एक गोष्ट उघडी केली. मघाचा हिशेब पाहिला, तर बोगनवेल आणि जास्वंद यांच्यासाठी उत्तम जागा म्हणजे कठड्याचा पायथा. कुंडी सावलीत राहते, मुळं तापत नाहीत आणि शेंडे कठड्यावर येऊन ऊन खातात. उन्हात तापणारी काळी प्लॅस्टिकची कुंडी मुळांना भाजते. त्यापेक्षा ही रचना कितीतरी चांगली. झाडाच्या नजरेनं पाहिलं तर यात खोट काढायला जागा नाही. पण साडेतीन फुटांच्या कठड्यापाशी एक फूट उंचीची जड कुंडी ठेवली, की तीन वर्षांच्या मुलासाठी ती पायरी होते. आणि वर ग्रिल नाही, नुसता पाइप आहे. अकरावा मजला आहे. कठड्यावर कुंड्या अडकवण्याचं तर नावच नको. बारा इंची कुंडी ओली असताना पंचवीस-तीस किलोची होते. अडकवण्याच्या कुंड्या लहान असतात, पण जूनमधल्या वाऱ्यात एखादा आकडा सुटला तर खालून जाणाऱ्याला त्याही पुरतात.

म्हणून भाचीला मी लिहिलं, ‘ग्रिल बसेपर्यंत कठड्यालगत काहीही ठेवू नकोस. सगळं घराच्या भिंतीशी, आणि तेही भिंतीपासून वीतभर सोडून, कारण पश्चिमेची भिंत रात्रीपर्यंत गरम राहते.’ जागा बदलली की ऊन बदलतं. भिंतीशी फरशीवर पावणेदोन तासांचं ऊन, आणि झाड जसं उंच होईल तसं शेंड्याला थोडं जास्त. या जागेला जी झाडं चालतील, तीच आता खरी यादी.

तुळस चालेल. आहे तीच भिंतीकडे सरकवून, वाऱ्यानं करपलेल्या काड्या छाटून टाकायच्या. गवती चहा चालेल, त्याची लांब पाती वाऱ्याशी भांडत नाहीत, वाकून जातात. मात्र त्यांची धार हाताला लागते, एवढं मुलाच्या बाबतीत लक्षात ठेवायचं. पानओवा चालेल. त्याची जाड, लवदार पानं पाणी धरून ठेवतात आणि भजीलाही उपयोगी पडतात. मोगरा जगेल, पण नुसतं ‘जगेल’ म्हणून मी थांबले असते तर ते अर्धसत्य झालं असतं. मोगऱ्याला भरभरून फुलायला रोज पाच-सहा तासांचं ऊन लागतं. भिंतीशी तो हिरवा राहील, चार कळ्या येतील आणि एप्रिलच्या कोरड्या वाऱ्यात त्यातल्या काही वाळून गळतील. मोगरा कुणी पानांसाठी लावत नाही. म्हणून तो ग्रिल बसल्यावर आणावा, असं तिला सुचवलं. बोगनवेल आणि जास्वंदही तेव्हाच. जास्वंदीला उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ पाणी द्यावं लागेल आणि पांढऱ्या पिठ्या ढेकणांवर नजर ठेवावी लागेल. बोगनवेलीला काटे असतात, तिची कुंडी मुलाच्या वाटेवर न ठेवता कोपऱ्यात ठेवून खोड ग्रिलला बांधावं लागेल.

‘ग्रिलला हिरवी जाळी लावली तर?’ असं तिनं विचारलं. सुचवलेलं बरोबर आहे. पन्नास टक्क्यांची शेडनेट वारा पूर्ण अडवत नाही, गाळून आत सोडते. काचेसारखा भरीव आडोसा लावला तर वारा त्याच्यावरून उडी मारून आत भोवऱ्यासारखा फिरतो आणि उन्हाळ्यात काचेमागे हवाही कोंडते. पण जाळी चारही बाजूंनी जागोजाग घट्ट बांधली नाही तर शिडासारखी फुगते आणि फाटते. शिवाय ती अर्धं ऊनही खाते, त्यामुळे जाळी आणि मोगरा यांतलं एक काय ते निवडावं लागेल. बाल्कनीत सगळंच मिळत नाही. हे आधी सांगितलं तर पुढे दुःख कमी होतं.

आणि मग पावसाळा. फोटो एका संध्याकाळचा होता, झाडाला मात्र सबंध वर्ष काढायचं असतं. पश्चिमेची बाल्कनी मार्च ते मे तापते आणि जूनपासून तोच पश्चिमेचा वारा तिरपा पाऊस आत फेकतो. उन्हाळ्यात जी माती पाणी धरून ठेवते म्हणून आपण कौतुक करतो, तीच सप्टेंबरपर्यंत चिंब राहून मुळं कुजवते. अडेनियमचे जाड बुंधे असे मऊ पडून गळताना मी लोकांच्या घरी पाहिले आहेत, आणि ते तर वाळवंटातलं झाड, उन्हाला मुळीच न डरणारं. म्हणून मातीचं मिश्रण मी दोन्ही ऋतू डोळ्यांसमोर ठेवून सांगते : दोन भाग लाल माती, एक भाग शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग जाड वाळू. नुसतं कोकोपीट भरलं तर कुंडी हलकी होते आणि वारा ती आडवी करतो. पावसात कुंडीखालची ताटली काढून टाकायची.

एवढं सगळं सांगून झाल्यावरही माझ्या उत्तरात एक मोठी पोकळी उरते. पाणी कोण घालणार? एप्रिलमध्ये रोज पाणी हवं आणि त्याच सुमारास शाळेला सुट्टी लागून घरं बंद होतात. आठ दिवस कुलूप असलेल्या पश्चिमेच्या बाल्कनीत पानओवा टिकू शकतो, जास्वंद टिकणं कठीण. भाचीनं सांगितलं की मे महिन्यात ती दोन आठवडे कोकणात सासरी जाते आणि शेजारच्या काकू किल्ली ठेवतात. काकू रोज येतील का, हे विचारण्याआधी मी जास्वंदीला होकार दिला नाही.

झाड आणण्याआधी तिला मी एक प्रयोग करायला सांगितला. कुंडीत हेच मिश्रण भरायचं, झाड लावायचं नाही. सकाळी तळातून वाहीपर्यंत पाणी घालायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बोट दुसऱ्या पेरापर्यंत खुपसून बघायचं. कोरडं लागलं तर झाड लावल्यावर ती कुंडी आणखी लवकर वाळणार, कारण मग मुळंही पाणी ओढतील. त्याच जागी दुपारी पांढरा कागद ठेवून त्याच्यावर फूटभर उंचीवर हात धरायचा. सावली रेखीव पडली तर थेट ऊन आहे, पुसट पडली तर नुसता उजेड, पडलीच नाही तर तिथे फुलझाडाचा विचार सोडायचा. या प्रयोगात कुणाचा जीव जात नाही आणि माझ्या शब्दावर विसंबायचीही गरज राहत नाही.

शेवटची गोष्ट निकालाची. नर्सरीतून आणलेलं झाड पंधरा दिवस टवटवीत राहिलं की लोक कळवतात, ‘लागलं हं झाड.’ मला ते ऐकायला आवडतं, म्हणूनच मी त्यावर लगेच विश्वास ठेवत नाही. ती पानं शेडनेटखाली वाढलेली असतात. त्यातली काही उन्हात करपतात, काही गळतात, आणि यातलं काहीच निर्णायक नसतं. बघायची ती बाल्कनीत आल्यावर फुटलेली नवी पानं. ती आधीच्यापेक्षा थोडी लहान, पण जाड आणि कडांपर्यंत हिरवी असतील तर झाडानं जागा स्वीकारली. नव्या पानांच्याच कडा करपत असतील तर जागा बदला, वाट पाहत बसू नका. आणि एक उन्हाळा व एक पावसाळा पार झाल्याशिवाय ‘जगलं’ असं मी म्हणत नाही.

मला फोटो पाठवणाऱ्या सगळ्यांना एवढीच विनंती आहे. एक फोटो नको, एकाच दिवशी सकाळी नऊ, दुपारी एक आणि चार वाजता काढलेले तीन पाठवा. बाल्कनीचं तोंड कुठल्या दिशेला आहे, मजला कितवा, ग्रिल आहे की नाही, हे लिहा. घरात लहान मूल किंवा मांजर-कुत्रं आहे का आणि मे महिन्यात पाणी कोण घालणार, तेही लिहा. यातलं काही राहून गेलं आणि तरीही मी चटकन झाडांची नावं सांगितली, तर ती घेऊन नर्सरीत जाऊ नका. आधी मला हे प्रश्न विचारायला लावा.